‘वाचवा’ लिहिलेलं बटण: किनाऱ्यासाठी अॅप बनवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
मच्छीमारांच्या सेवा मोबाइलवर आणणाऱ्या कार्यालयांतील अधिकारी,
आणि त्यांच्यासाठी सॉफ्टवेअर तयार करणारी मंडळी यांना,

सप्रेम नमस्कार.

मी हर्णै बंदराजवळ राहते. सॉफ्टवेअरमधल्या मजकुराचा इंग्रजीतून मराठीत अनुवाद करणं हा माझा व्यवसाय आहे. हंगाम सुरू असला की संध्याकाळी मी मच्छीमार सोसायटीत बसते आणि ज्यांना मोबाइलवरचे फॉर्म भरायला अडचण येते त्यांना मदत करते. या दोन्ही कामांमुळे एकच गोष्ट मला दोन टोकांनी दिसते. मजकूर लिहिला जातो तिथूनही दिसते, आणि तो वाचून बोट थबकतं तिथूनही. म्हणून हे पत्र.

मासेमारीबंदी 31 जुलैला संपते आणि त्यानंतर बोटी दर्यात उतरायला लागतात. अशाच दिवसांत एक तांडेल काका फोन घेऊन आले. त्यांच्याकडे एक खासगी अॅप होतं. निघण्यापूर्वी त्यात फेरीची नोंद करायची: बोटीचा नंबर, खलाशी किती, लाइफ जॅकेट किती, निघायची वेळ. परतल्यावर मासळीचं वजन भरायचं. त्याच अॅपमध्ये जाळी, दोर, सुटे भाग विकायचं दुकानही होतं. काकांनी फेरीचा फॉर्म नीट भरला होता. खाली एक निळं बटण होतं आणि त्यावर एकच शब्द होता: ‘वाचवा’.

काका म्हणाले, “ताई, अजून बंदर सोडलेलं नाय. आत्ताच वाचवा कशाला दाबू? उगाच कोणी धावत आलं तर?”

त्यांचं बरोबरच होतं. कित्येक बोटींवर इस्रोने विकसित केलेलं संकट-संदेश यंत्र असतं, ज्याला सगळे डॅट म्हणतात. त्याचं बटण दाबलं की उपग्रहामार्फत तटरक्षक दलापर्यंत संदेश पोचतो. फोन लागत असेल तर 1554 हा क्रमांक आहे. आणि विनाकारण यातलं काहीही वापरायचं नाही हे खलाशाला पक्कं ठाऊक असतं. बोटीवरच्या माणसासाठी ‘वाचवा’ या शब्दाला एकच अर्थ आहे, आणि तो अर्थ लक्षात ठेवूनच त्यांनी बटणाला हात लावला नाही. अॅप बंद केलं की भरलेलं सगळं पुसलं जायचं. त्यांच्या चार फेऱ्यांची नोंद अशीच गेली होती.

त्या अॅपच्या लोकांना मी लिहिलं. त्यांनी मनावर घेतलं आणि अनुवादाची फाइल माझ्याकडे पाठवली. चूक नेमकी कशी झाली हे ती फाइल उघडल्यावर कळलं, आणि ती समजून घेणं आपल्या सर्वांच्या कामाचं आहे. कारण ‘अनुवादकाला मराठी येत नव्हतं’ हे उत्तर इथे चुकीचं आहे.

फाइल gettext पद्धतीची होती. या पद्धतीत प्रोग्रामच्या कोडमधले इंग्रजी शब्द एक साधन गोळा करतं आणि त्यांची यादी बनवतं. `msgid` म्हणजे मूळ इंग्रजी, `msgstr` म्हणजे आपला अनुवाद. शब्द कोडमध्ये कुठे सापडला हे वरच्या ओळीत लिहिलेलं असतं. तिथे हे होतं:

```
#: trip_form.py:42 catch_edit.py:118 shop.py:9
msgid "Save"
msgstr "वाचवा"
```

वरच्या ओळीत तीन ठिकाणं आहेत आणि खाली अनुवादाला जागा मात्र एकच. इंग्रजी अक्षरं तंतोतंत सारखी असली की हे साधन ती एकच नोंद धरतं. इंग्रजीपुरतं ते ठीक चालतं, कारण तीनही पडद्यांवर `Save` असंच लिहायचं आहे. पण पडदे उघडून पाहिले तर तीन वेगवेगळ्या गोष्टी दिसतात. दुकानाच्या पडद्यावर दोराच्या किमतीशेजारी एक पट्टी होती आणि तिच्यावर `Save` नंतर रुपयांचा आकडा यायचा. अनुवादकाने बहुधा तोच पडदा पाहिला असावा, किंवा जाहिरातीतला ओळखीचा अर्थ घेतला असावा. ‘वाचवा ₹200’ हे मराठी अगदी बरोबर आहे. तेच बरोबर मराठी फेरीच्या फॉर्मखाली जाऊन बसलं आणि बोटीवरच्या माणसासाठी मदतीची हाक झालं.

मी आधी घाईने सोपा उपाय केला. ‘वाचवा’ काढून ‘जतन करा’ लिहिलं. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या पडद्यावर ‘जतन करा ₹200’ अशी पट्टी झळकली. जागा एकच असेल तर तिथे कुठलाही मराठी शब्द ठेवा, कुठला तरी पडदा बिघडणारच.

इंग्रजीत हे खपतं, कारण तिथे क्रियापदाचं उघडं रूपच आज्ञा होतं, कितीदा तेच नाम होतं, आणि वाक्यात कर्म नसलं तरी चालतं. `Save`, `Order`, `Post`, `Record`, `View`: हे सगळे शब्द नाम म्हणूनही चालतात आणि आज्ञा म्हणूनही. मराठीत क्रियापद सांगायचं तर त्याला रूप द्यावं लागतं. ‘साठवा’, ‘साठवणे’, ‘साठवलेले’ यांपैकी कोणतं, हे ठरवल्याशिवाय शब्द लिहिताच येत नाही. म्हणजे इंग्रजी लिहिणाऱ्याने जे ठरवायचं टाळलं ते मराठी लिहिणाऱ्याला ठरवावंच लागतं. आणि त्याच्यापुढे तक्त्यातला एकुलता एक शब्द असेल तर तो अंदाजानेच ठरवणार. `Open` पाहा. मराठीत ‘उघडा’ हे ‘दार उघडा’मधलं क्रियापदही आहे आणि ‘दरवाजा उघडा आहे’मधलं विशेषणही. बंदराची स्थिती दाखवणाऱ्या पडद्यावर बंदराच्या नावापुढे `Open` असेल, तर तिथे ‘खुले’ हवं. ‘उघडा’ लिहिलं की माणूस ते बटण समजून दाबत बसतो.

आता `Submit`कडे येते, कारण तुमच्या बहुतेक सेवांचा शेवट याच बटणाने होतो.

वेबपानावरच्या फॉर्ममध्ये `<input type="submit">` असं लिहून बटणाचं नाव दिलंच नाही, तर ब्राउझर स्वतःचा शब्द टाकतो, आणि तोही ब्राउझरच्या भाषेत. सगळं पान मराठी आणि खालचं बटण इंग्रजी किंवा हिंदी, असं दिसतं त्याचं एक कारण हे आहे. ते शोधणं आणि दुरुस्त करणं एका मिनिटाचं काम आहे.

नाव दिलेलं असतं तेव्हा मात्र अर्थाचा प्रश्न येतो. सोसायटीत मी `Submit`ची तीन मराठी रूपं पाहिली आहेत. पहिलं ‘जमा करा’. कागद जमा करणं आपण म्हणतो, त्यामुळे शब्द चुकीचा नाही. पण डिझेल परताव्याच्या अर्जात वर रकमेचा रकाना आणि खाली ‘जमा करा’ असेल, तर ते ‘पैसे भरा’ असंच वाचलं जातं. एका काकूंनी मला विचारलं होतं की परतावा आम्हाला मिळायचा, मग पैसे आम्हीच का जमा करायचे. त्यांनी अर्ज तिथेच सोडला होता. दुसरं रूप ‘दाखल करा’. ते कानावर पडतं ते गुन्हा दाखल होण्यात किंवा दवाखान्यात दाखल होण्यात. तिसरं ‘सादर करा’. सरकारी मराठीत ते रुळलेलं आहे आणि अर्ज, अहवाल, प्रस्ताव यांच्यासाठी योग्यही आहे. पण आमच्याकडे ‘सादर’ हा शब्द जास्त ऐकू येतो तो शिमग्यात, अमुक मंडळ नमन सादर करणार आहे अशा घोषणेत. शब्द एकटा असला की वाचणारा आपल्या रोजच्या जगातला अर्थ त्याला लावतो. ‘अर्ज सादर करा’ म्हटलं की प्रश्नच मिटतो, कारण ‘अर्ज’ या शब्दाने बाकीचे अर्थ दूर केले.

काही जण म्हणतील की सरळ ‘सबमिट करा’ आणि ‘सेव्ह करा’ लिहा, सगळ्यांना कळतं. मला या शब्दांचं वावडं नाही. लोक ‘फॉर्म सबमिट केला’ म्हणतात आणि ‘नंबर सेव्ह कर’ म्हणतात. हे शब्द आता मराठीच आहेत. पण त्यांनी इथला पेच सुटत नाही. फोनमध्ये नंबर सेव्ह केला की काम पूर्ण होतं, तिथून पुढे काही करायचं राहत नाही. म्हणून फॉर्मवर ‘सेव्ह करा’ दाबणारा माणूस समजतो की झालं. अॅपच्या मनात मात्र असतं: एवढंच फोनवर ठेवलंय, कार्यालयात अजून काहीही गेलेलं नाही. पडद्यावर ‘सेव्ह’ आणि ‘सबमिट’ शेजारीशेजारी असतील आणि त्यातलं एकच दाबायचं असं वाटलं, तर माणूस ओळखीचं ‘सेव्ह’ दाबतो. अर्जाची मुदत टळते आणि मग ‘मी तर भरला होता’ यावर वाद होतो. इथे शब्द देशी की परका हा मुद्दा नाही. दाबल्यावर काय होणार ते बटणावर लिहिलेलं नाही, अडचण ती आहे.

म्हणून मी त्या अॅपच्या कारागिरांना फोन लावला आणि प्रत्येक `Save`साठी तीनच गोष्टी विचारल्या. कशाचं काय होतं? ते कुठे जातं? नंतर बदलता येतं का? फेरीच्या फॉर्मबद्दल उत्तर मिळालं की नोंद फोनवर राहते, कारण किनाऱ्यापासून थोडं आत गेलं की नेटवर्क जातं. पुन्हा रेंज आली की माणसाने स्वतः ती पाठवायची. मासळीच्या वजनाच्या पडद्यावर आधीच्या नोंदीत केलेली दुरुस्ती टिकवायची होती. आणि दुकानात ती सवलत होती. हे ऐकल्यावर मराठी लिहायला पाच मिनिटं लागली. उत्तर मिळेपर्यंत चार दिवस गेले होते.

कोडमध्ये बदल करायचा तोही लहानच होता. gettextमध्ये शब्दासोबत संदर्भ देता येतो. साध्या `gettext`ऐवजी `pgettext` वापरायचं आणि आधी जागेचं नाव लिहायचं:

```
pgettext("trip form button", "Save")
pgettext("shop discount label", "Save")
```

असं केलं की फाइलमध्ये `msgctxt` नावाची जास्तीची ओळ येते आणि त्या नोंदी एकमेकींत मिसळत नाहीत. शिवाय कोडमधली टिप्पणीही अनुवादकापर्यंत नेता येते. फाइलमध्ये ती `#.` खुणेने सुरू होते.

```
#. नोंद फोनवरच राहते. कार्यालयात जात नाही. बदलता येते.
#: trip_form.py:42
msgctxt "trip form button"
msgid "Save"
msgstr "फेरी फोनवर ठेवा"
```

दुरुस्तीच्या पडद्यावर ‘बदल ठेवा’ आलं आणि दुकानात ‘वाचवा’ राहिलं, जिथे ते हवंच होतं. फेरी पाठवायच्या बटणावर `Submit` होतं, तिथे ‘फेरीची नोंद पाठवा’ लिहिलं. पाठवल्यावर ती बदलता येत नाही हे बटणाच्या वर एका ओळीत सांगितलं. बटणात सगळंच कोंबायला नको. बटण आणि त्याच्या वरची ओळ एकत्रच वाचली जातात.

यात एक खाचखळगा आहे, तो आधी सांगते. जुन्या नोंदीला नवा संदर्भ जोडला की यंत्राच्या लेखी ती नवी नोंद होते. जुना अनुवाद तिथे अंदाजाने येतो आणि त्यावर `fuzzy` अशी खूण पडते. अशा खुणेच्या ओळी अंतिम फाइलमध्ये एरवी घेतल्या जात नाहीत, म्हणून कोणी तपासेपर्यंत बटण पुन्हा इंग्रजीत दिसतं. त्या अॅपमध्ये हे झालं आणि दोन दिवस सोसायटीत सगळे विचारत होते की मराठी कुठे गेलं. अॅप प्रसिद्ध करण्याआधी या ओळी अनुवादकाकडे परत पाठवायला हव्यात, हे वेळापत्रकातच धरावं.

अँड्रॉइडची पद्धत वेगळी आहे. तिथे प्रत्येक ओळीला स्वतःचं नाव असतं, त्यामुळे सारखी अक्षरं आपोआप एक होत नाहीत. तरी कोडमध्ये सोय म्हणून `save` नावाची एकच ओळ दहा पडद्यांवर वापरली, की तोच गोंधळ हाताने तयार होतो. वेगळ्या कामाला वेगळं नाव द्यावं, इंग्रजी शब्द सारखा असला तरी.

बटण दाबल्यानंतरचा संदेशही याच साखळीतला आहे. कोडमध्ये `%s saved` असं असतं आणि `%s`च्या जागी वस्तूचं नाव येतं. इंग्रजीत कोणतंही नाव आलं तरी `saved` तसंच राहतं. मराठीत फेरी ठेवली, अर्ज ठेवला, नाव ठेवलं. एकाच साच्यात तिन्ही बसत नाहीत, मग अनुवादक ‘जतन केले’ असं काहीतरी लिहितो आणि पडद्यावर ‘फेरी जतन केले’ येतं. प्रत्येक वस्तूसाठी पूर्ण वाक्य वेगळं ठेवणं हाच यावर सरळ उपाय आहे. चार वस्तू असतील तर चार वाक्यं.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती `Cancel`ची. पुढची चौकट मी स्वतः पाहिलेली आहे. प्रश्न: ‘फेरी रद्द करायची का?’ खाली दोन बटणं: ‘रद्द करा’ आणि ‘ठीक’. वारा वाढल्यामुळे निघायचं नाही असं ठरवलेला माणूस ‘रद्द करा’ दाबणार, यात त्याची काय चूक? पण अॅपने ते बटण ‘हा प्रश्न रद्द करा’ अशा अर्थाने ठेवलेलं होतं. फेरी तशीच चालू राहिली, आणि बोट बाहेर गेल्याचं दप्तरी दिसत असताना ती जेटीला बांधलेली होती. अशी खोटी नोंद शोधकार्याच्या वेळी काय गोंधळ घालू शकते हे आपल्याला सांगायला नको. अनुवादकाच्या तक्त्यात `Cancel`समोर ‘रद्द करा’ ही ओळ बिनचूक आहे. वरचा प्रश्न समोर असेल तरच कळतं की इथे ‘फेरी रद्द करा’ आणि ‘नको, फेरी राहू दे’ अशी बटणं हवीत.

मासेमारीच्या अॅपमध्ये तर नावांचीही अशीच कोंडी आहे. `Net` हे जाळंही आहे आणि निव्वळ वजनही, आणि मासळीच्या नोंदीत दोन्ही रकाने एकाच पानावर येतात. `Vessel`चं मी ‘भांडे’ झालेलं पाहिलं आहे. `Draft` ही न पाठवलेली अर्धवट नोंद असते, आणि बोटीच्या माहितीत तोच शब्द होडी पाण्यात किती खोल बसते ते सांगतो. सोबत पडद्याचं चित्र असतं तर यातलं एकही चुकलं नसतं.

आपल्याकडे माझी मागणी अशी आहे. अनुवादाचं काम देताना नुसता शब्दांचा तक्ता पाठवू नका. प्रत्येक ओळ कोणत्या पडद्यावर येते त्याचं चित्र सोबत द्या, आणि हे करारातच लिहा. सगळ्या ओळींसाठी एकदम जमत नसेल, तर फाइलमधून एकाच शब्दाच्या आणि एकापेक्षा जास्त ठिकाणी वापरलेल्या ओळी आधी वेगळ्या काढा. `#:` या खुणेपुढे दोन-तीन ठिकाणं दिसली की ती ओळ तपासायची. त्या अॅपसाठी हे एका दुपारचं काम होतं. अनुवादकाचे प्रश्न कारागिराकडे पोचतील आणि उत्तरं परत येतील अशी वाट ठेवा; त्याने एकही प्रश्न विचारला नाही तर त्याला सगळं समजलं असं धरू नका. बटणाची रुंदी इंग्रजी शब्दावर ठरवू नका. ‘फेरी फोनवर ठेवा’ दोन ओळींत मावू दे, नाहीतर ‘फेरी फो…’ एवढंच दिसतं आणि सगळी मेहनत वाया जाते. आणि ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी फोन बटण वाचून दाखवतो तेव्हा त्यांच्या कानावर बहुतेक वेळा बटणावरचे शब्दच पडतात. त्यांच्यासाठी तरी बटणातच कर्म असू द्या.

अॅप खुलं करण्याआधी एक संध्याकाळ जेटीवर काढा. पाच जणांना मराठी पडदा दाखवा आणि बटण दाबू न देता विचारा: हे दाबलं तर काय होईल? उत्तर चुकलं तर त्यांना समजावून सांगू नका, शब्द बदला. मी हेच केलं. ‘फोनवर ठेवा’ला पाचही जणांनी बरोबर उत्तर दिलं. ‘नोंद पाठवा’ला दोघांनी विचारलं, “कुणाला?” म्हणून आता तिथे ‘सोसायटीला पाठवा’ आहे, कारण त्या अॅपमध्ये नोंद खरोखर सोसायटीलाच जाते. आपल्या अॅपमध्ये ती जिथे जाते तिथलं नाव लिहा.

पुढच्या हंगामासाठी आपल्या ज्या सेवा मराठीत यायच्या आहेत त्यांचे पडदे जून-जुलैच्या बंदीत आमच्याकडे पाठवा. तेव्हा बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, जाळी दुरुस्तीला काढलेली असतात आणि तांडेल घरी असतात. त्यांना विचारायला वेळ मिळतो. त्यासाठी बंदीतही मी संध्याकाळी सोसायटीत बसेन.

आपली नम्र,
हर्णैची एक अनुवादक